थँक यूला उत्तर काय द्यायचं, आणि सॉरी कुठे, एक्सक्यूज मी कुठे

शाळेत आपल्याला प्लीज, सॉरी, थँक यू घोकून घोकून शिकवतात पण समोरचा थँक यू म्हणाला की पुढे काय बोलायचं हे मात्र कोणी शिकवत नाही. मग क्लायंटच्या कॉलवर किंवा मुलाकडे परदेशात गेल्यावर शेजारच्या बाई थँक यू म्हणाल्या की आपण नुसती मान हलवतो, नाहीतर "इट्स ओके" म्हणतो, आणि साठीच्या पुढचे असतील तर हमखास "मेन्शन नॉट". मराठीत ही अडचण येतच नाही कारण शेजारच्या काकूंनी डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या तर आपण म्हणतो "कशाला एवढं काकू", त्या म्हणतात "अगं त्यात काय", झालं, आणि डबा परत देताना रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात काहीतरी घालून देतो, ते खरं थँक यू. इंग्रजीत डबा परत जात नाही, सगळा हिशोब तोंडीच मिटवायचा असतो, म्हणून तिथे हे छोटे शब्द जास्त लागतात.

खाली सगळं इंग्रजी बोलण्याबद्दलच आहे, मुख्यतः अमेरिका आणि इंग्लंडमध्ये ऐकू येणारं, आणि इथे बसून त्या लोकांशी बोलणाऱ्यांना लागेल असं. आधी थँक यूचं उत्तर, मग सॉरी आणि एक्सक्यूज मीचा गोंधळ.

पायरी १: काम केवढं होतं ते बघा

कोणी थँक यू म्हणालं की मनात एवढंच विचारायचं, मी केलं ते केवढंसं होतं? लिफ्टचं दार धरलं, पेन उचलून दिलं, मीठ पुढे सरकवलं, असल्या गोष्टीला पूर्ण "यू आर वेलकम" जरा जड होतं. अमेरिकेत लोक "शुअर" किंवा "यप" म्हणतात, बऱ्याचदा तर तोंड न उघडता "म्हं-हं" करतात. हे आपल्याला उद्धट वाटतं, आपल्याकडे कोणी असं हुंकार भरला तर वाटेल की लक्षच नाही, पण तिथे ते पूर्ण उत्तर धरलं जातं. इंग्लंडमध्ये तर एवढ्याशा कामाच्या थँक यूला काहीच न बोलता नुसतं हसलं तरी चालतं, त्यामुळे तिथे कोणी गप्प राहिलं तर मनाला लावून घेऊ नका.

मधलं काम, म्हणजे फाइल शोधून दिली, कोणाला स्टेशनपर्यंत सोडलं, सुट्टीत त्याचं एखादं काम बघितलं, इथे "यू आर वेलकम", "नो प्रॉब्लेम", "नो वरीज" यातलं काहीही चालतं. "नो वरीज" मूळचं ऑस्ट्रेलियाकडचं, आता सगळीकडे ऐकू येतं.

आणि खरंच मोठं काम, म्हणजे कोणासाठी तीन रात्री जागून काम पूर्ण केलं किंवा घर शिफ्ट करायला दिवसभर हात लावला, आणि तो माणूस मनापासून, थांबून, डोळ्यात बघून थँक यू म्हणतोय, तिथे "नो प्रॉब्लेम" म्हणून झटकून टाकलं तर त्याचं आभार मानणं वाया गेल्यासारखं होतं. तिथे "यू आर वेलकम" शांतपणे म्हणायचं आणि जोडीला एक वाक्य, "आय एम ग्लॅड इट वर्क्ड आउट" किंवा "हॅपी टू हेल्प". "एनी टाइम" मात्र जपून वापरा, कारण काही लोक ते शब्दशः घेतात आणि पुढच्या शनिवारी परत फोन येतो.

पायरी २: ते तुमचं कामच होतं का

"नो प्रॉब्लेम"वर अमेरिकेत खरोखर वाद आहे. तरुण मुलं सर्रास म्हणतात, वयस्कर गिऱ्हाइकांना ते खटकतं. त्यांचं म्हणणं असं की मी पैसे देऊन कॉफी घेतली, ती देण्यात तुला प्रॉब्लेम असायचा प्रश्न आलाच कुठे? आणि तरुणांना उलट "यू आर वेलकम" जरा मोठेपणा मिरवल्यासारखं वाटतं, म्हणजे हो, केलेत मी उपकार, घ्या. दोघांचं आपापल्या जागी बरोबर आहे, माझं मत विचाराल तर गिऱ्हाइकाशी बोलताना वाद घालायचा नसतो, तिथे "यू आर वेलकम" किंवा "माय प्लेजर" म्हणून मोकळं व्हायचं. चिक-फिल-ए नावाची अमेरिकन चिकन सँडविचची साखळी आहे, तिथले कर्मचारी थँक यूला "माय प्लेजर"च म्हणतात, त्यासाठी ती प्रसिद्ध आहे. म्हणजे सपोर्टच्या कॉलवर, हॉटेलच्या रिसेप्शनवर, क्लिनिकच्या काउंटरवर हे दोन. टीममधल्या मित्रांशी मात्र "माय प्लेजर" म्हणालात तर हसतील, तिथे "नो प्रॉब्लेम"च बरं.

पायरी ३: "इट्स ओके" इथे नको

ही आपली सगळ्यात मोठी सवय. "इट्स ओके" हे सॉरीचं उत्तर आहे, म्हणजे जाऊ दे, चालतंय. थँक यूला तेच दिलं की ऐकणाऱ्याला वाटतं आपण याला काही त्रास दिला की काय, आणि हा आपल्याला माफ करतोय. गंमत अशी की "नो प्रॉब्लेम" आणि "नो वरीज" दोन्हीकडे चालतात, थँक यूलाही आणि सॉरीलाही, म्हणून घाईत काही सुचलं नाही तर यातलं एक टाकलं की बहुतेक वेळा निभावतं. "यू आर वेलकम" मात्र फक्त थँक यूचं, सॉरीला ते दिलं तर अर्थ होतो "ये, अजून एकदा पाय दे".

"मेन्शन नॉट" चुकीचं आहे असं नाही, आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या माणसाला ते अर्धवट वाक्य वाटतं. तिकडे पूर्ण "डोन्ट मेन्शन इट" म्हणतात आणि तेही आता जरा जुन्या वळणाचं झालंय. "मोस्ट वेलकम"चंही तसंच, कळतं सगळ्यांना, पण आपला शिक्का बसतो. बसू दे बसला तर, मी त्यावर कोणाला हसणार नाही, फक्त माहीत असावं.

अजून दोन ठिकाणी गडबड होते. दुकानात तुम्ही पैसे दिलेत आणि काउंटरवरचा थँक यू म्हणाला, तर "वेलकम" नको, कारण त्यानेही तुम्हाला माल दिलाय, तिथे उलट "थँक यू" म्हणायचं आणि जोर "यू"वर द्यायचा. कोणी जेवायला बोलावलं आणि निघताना म्हणाले "थँक्स फॉर कमिंग" तर "थँक्स फॉर हॅविंग मी", मीटिंगच्या शेवटीही हेच. दुसरं म्हणजे, कोणी थँक यू म्हणायच्या आधीच "यू आर वेलकम" म्हणायचं नाही, तो टोमणा होतो, म्हणजे तुझं काम केलंय आणि तुला आभार मानायची सुद्धा शुद्ध नाही. नवरा-बायको, भाऊ-बहीण गमतीत म्हणतात, पण मॅनेजरला म्हणू नका. बोलताना "यू आर" तोडून तोडून म्हणायचं नाही, "युर वेलकम" असं पटकन जातं आणि जोर "वेल"वर येतो, "यू"वर दिला की पुन्हा टोमण्यासारखं वाटतं.

पायरी ४: झालंय की व्हायचंय

आता सॉरी आणि एक्सक्यूज मी. सोपा नियम असा की त्रास अजून व्हायचाय तर एक्सक्यूज मी, होऊन गेलाय तर सॉरी. एकाच प्रसंगात दोन्ही बघा. मीटिंग चालू आहे, घरून फोन आला, उठताना म्हणायचं "एक्सक्यूज मी, आय हॅव टू टेक धिस". बाहेर जाऊन बोललात, परत येऊन खुर्चीत बसलात, आता सगळे थांबले होते, त्रास झालेला आहे, म्हणून "सॉरी अबाउट दॅट". जाताना सॉरी आणि येताना एक्सक्यूज मी असं उलटं केलं तरी कोणी हाकलणार नाही, पण येऊन "एक्सक्यूज मी" म्हटलंत की लोक तोंडाकडे बघतात, यांना आता अजून काय हवंय म्हणून.

या नियमावर रोजची बहुतेक कामं होतात, म्हणजे अनोळखी माणसाला पत्ता विचारणं, वेटरला बोलावणं, रांगेतून पलीकडे जाणं, दोघांच्या बोलण्यात शिरणं, सगळीकडे एक्सक्यूज मी. धक्का लागला, उशीर झाला, चहा सांडला, नाव चुकीचं घेतलं, सगळीकडे सॉरी.

पायरी ५: हा नियम जिथे फसतो तिथे

जेवताना ढेकर आला. ढेकर येऊन गेला, म्हणजे नियमाप्रमाणे सॉरी हवं, पण तिकडे लोक म्हणतात एक्सक्यूज मी. दुसरीकडे, कोणाचे वडील गेले असं कळलं तर म्हणतात "आय एम सो सॉरी", आणि आपली माणसं गोंधळतात की हा कशाला माफी मागतोय, याने काय केलं? माझ्या ओळखीच्या एक बाई तिकडे मुलीकडे असताना शेजारणीने असं सॉरी म्हटल्यावर "नो नो, नॉट युअर फॉल्ट" म्हणाल्या होत्या, शेजारीण बिचारी गप्पच झाली.

याचं उत्तर इंग्रजी शिकवणाऱ्यांनी फार पूर्वी देऊन ठेवलंय. 1978 साली अॅन बोर्किन आणि सुझन राइनहार्ट या दोघींनी याच दोन शब्दांवर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की एक्सक्यूज मी हे रीत मोडल्याबद्दल असतं, मग ती मोडून झालेली असो की आता मोडणार असो, आणि सॉरी हे कोणाला तरी वाईट वाटलं, त्रास झाला, त्याबद्दल असतं. मग चूक कोणाची हा प्रश्न वेगळा. हे धरलं की सगळं जागेवर बसतं. ढेकराने कोणाचं काही बिघडलं नाही, फक्त रीत मोडली, म्हणून एक्सक्यूज मी. वडील गेले त्यात माझी चूक काहीच नाही पण समोरच्याला दुःख झालंय, म्हणून सॉरी. त्याला उत्तर "थँक यू" एवढंच द्यायचं, "इट्स ओके" नाही. आणि धक्का अगदी हलका लागला, कोणाला काही झालं नाही, तर अमेरिकेत नुसतं एक्सक्यूज मी ऐकू येतं, तेही याच कारणाने. पण गरम कॉफी कोणाच्या शर्टावर सांडली आणि तुम्ही "एक्सक्यूज मी" म्हणालात तर तो माणूस भडकेल, कारण तुम्ही त्याच्या भाजण्याचा विचार न करता स्वतःच्या रीतीचाच विचार केलात.

म्हणजे अडखळलात तर पहिला प्रश्न, कोणाला लागलं का, नुकसान झालं का, वाईट वाटलं का? हो असेल तर सॉरी, मग आधी असो की नंतर. नाही असेल तर एक्सक्यूज मी.

इंग्लंडमध्ये मात्र गणित जरा वेगळं आहे. तिथे लोक गर्दीतून जातानाही आधीच "सॉरी, कॅन आय जस्ट..." म्हणतात, दुकानदाराला हाक मारतानाही "सॉरी", आणि तुम्ही त्यांच्या पायावर पाय दिलात तरी ते "सॉरी" म्हणतात. तिथे सॉरी जास्त झालं तरी खपतं. अमेरिकेत, विशेषतः ऑफिसमध्ये, प्रत्येक वाक्याआधी सॉरी लावलं की माणूस बिचकलेला वाटतो. तिथे "सॉरी टू बॉदर यू" ऐवजी "डू यू हॅव अ मिनिट?" चांगलं, आणि मेलला दोन दिवस उशीर झाला तर "थँक्स फॉर युअर पेशन्स". पण डेडलाइन चुकली आणि क्लायंटचं नुकसान झालं तर तिथे पेशन्सचं थँक्स चालणार नाही, सरळ सॉरीच म्हणायचं.

एक प्रवास, सुरुवातीपासून

मुंबईहून लंडनचं विमान धरू, तुमची खिडकीची सीट, मधे एक तरुण, कडेला एक वयस्कर बाई.

तुम्ही येता तेव्हा दोघं बसलेले आहेत. "एक्सक्यूज मी, दॅट्स माय सीट", आणि खिडकीकडे बोट दाखवायचं. ते उठतात, तुम्ही "थँक यू" म्हणता, बाई म्हणतात "नॉट अॅट ऑल". आत सरकताना तुमची बॅग मुलाच्या डोक्याला लागते, इथे लगेच "ओ, सॉरी! आर यू ओके?" म्हणजे सॉरी आणि लगेच विचारपूस, नुसतं सॉरी पुटपुटून बसू नका. तो "नो वरीज" म्हणतो, विषय संपला, परत परत सॉरी म्हणायचं नाही.

मग पायाला पाय लागतो. इथे आपला हात आपोआप समोरच्याला टेकून छातीकडे जातो, लहानपणापासूनची सवय. आपल्याकडे त्यात सगळं आलं, बोलायची गरजही नसते, पण परक्या माणसाला अचानक तुमचा हात गुडघ्याला लागला तर तो दचकतो. हात आवरा आणि "सॉरी" तोंडाने म्हणा.

जेवण येतं. हवाई सुंदरी ट्रे देते, तुम्ही "थँक यू". मधल्या मुलाचा ट्रे तुम्ही पुढे सरकवता, तो "थँक्स" म्हणतो, तुम्ही "शुअर" किंवा नुसतं हसता. त्याचं पाणी तुमच्या कोपराने कलंडतं, त्याच्या मांडीवर. आता "आय एम सो सॉरी", लगेच आपला नॅपकिन पुढे करायचा आणि अजून मागवायचे. "एक्सक्यूज मी" ही हाक मारायची हवाई सुंदरीला, "कुड वी गेट सम नॅपकिन्स, प्लीज?" त्याच मिनिटात दोन्ही शब्द, दोन वेगळ्या माणसांना.

रात्री बाथरूमला जायचंय, दोघं झोपलेत. हळू आवाजात "एक्सक्यूज मी", नाही ऐकलं तर थोडं मोठ्याने परत. तरीही नाही तर खांद्याला अगदी हलका स्पर्श, आणि उठल्यावर "सॉरी टू वेक यू", कारण आता झोपमोड झालेली आहे. आपल्या लोकलमध्ये "दादर? दादर?" एवढं म्हटलं की पुढचा सरकतो किंवा आपली जागा दाखवतो, तिथे असं नुसतं "बाथरूम?" म्हणून चालत नाही, वाटतं तुम्ही त्यालाच विचारताय.

उतरताना बाई वरून आपली बॅग काढतायत, तुम्ही काढून देता, त्या म्हणतात "दॅट्स व्हेरी काइंड ऑफ यू". हे साध्या थँक यूपेक्षा वरचं, त्याला "शुअर" कमी पडतं. "यू आर व्हेरी वेलकम" म्हणा, वयस्कर इंग्लिश माणसाला ते आवडतं.

पायरी ६: सॉरीला उत्तर

छोट्या सॉरीला "दॅट्स ओके", "दॅट्स ऑलराइट", "नो प्रॉब्लेम", "डोन्ट वरी अबाउट इट". आवाज सपाट ठेवून "इट्स फाइन" म्हटलं तर अर्थ उलटा होतो, म्हणजे बरंच काही बिघडलंय पण मी बोलत नाही, हे मराठी बायकोच्या "काही नाही" इतकंच धोक्याचं. आणि खरंच नुकसान झालं असेल, म्हणजे कोणी तुमचं काम स्वतःच्या नावावर दाखवलं आणि नंतर सॉरी म्हणतोय, तर खोटं "नो प्रॉब्लेम" म्हणायची सक्ती नाही. "थँक यू फॉर सेइंग दॅट" म्हणता येतं, त्यात माफीही नाही आणि भांडणही नाही.

गाडी ठोकली असता परदेशात सॉरी म्हणू नये, ते कबुली धरतात, असं आपल्याकडे सांगतात. सगळीकडे तसं नाही, कॅनडातल्या ओंटॅरियोमध्ये 2009 चा कायदाच आहे की सॉरी म्हणणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे. पण हे प्रांताप्रांताला बदलतं, म्हणून अपघातात "आर यू हर्ट?" आधी विचारायचं, आणि चूक कोणाची यावर रस्त्यात बोलायचं नाही.

पायरी ७: ऐकू आलं नाही तर

कॉलवर ऐकू आलं नाही तर आपण "व्हॉट?" म्हणतो, ते इंग्रजीत ओरडल्यासारखं वाटतं. इंग्लंडच्या माणसाला "सॉरी?", अमेरिकन माणसाला "सॉरी?" किंवा "एक्सक्यूज मी?", शेवटी आवाज वर नेऊन. इथे एक्सक्यूज मीचा सूर सांभाळायला लागतो, कारण तेच "एक्सक्यूऽऽज मी?" असं मधे ताणून आणि भुवया उंचावून म्हटलं की अर्थ होतो "काय म्हणालास? परत बोलून दाखव." फोनवर भुवया दिसत नाहीत, नुसता सूर जातो, म्हणून खात्री नसेल तर कॉलवर "सॉरी, कुड यू रिपीट दॅट?" हे पूर्ण वाक्य वापरा, आणि परत ऐकू नाही आलं तर "द लाइन इज ब्रेकिंग अप" म्हणा म्हणजे दोष लाइनवर जातो. तिसऱ्यांदाही नाही कळलं तर "कुड यू पुट दॅट इन द चॅट, प्लीज?" म्हणून लिहून मागा, आणि लिहून आलं की "थँक्स, गॉट इट" एवढं उत्तर पुरे.